'अंधारातील अभिक्रिया' रात्री होते का?

*पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाच्या दुसऱ्या टप्प्याला 'अंधारातील अभिक्रिया' म्हटलंय. म्हणजे झाडं रात्री अन्न तयार करतात का? नसतील, तर हा शब्द वापरावा का?*

हा टप्पाही दिवसाच चालतो, म्हणून मी हा शब्द टाळतो. तो आला मात्र रीतसर विचारातून. ब्लॅकमन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1905 साली दाखवलं की प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असताना आणखी प्रकाश देऊन वेग वाढत नाही, पण तापमान वाढवलं तर वाढतो. नुसतं प्रकाश शोषण्याचं काम तापमानावर फारसं अवलंबून नसतं. तेव्हा कुठेतरी साधी रासायनिक पायरीही असणार, जी स्वतः प्रकाश शोषत नाही. 'अंधार' या शब्दाचा अर्थ एवढाच.

पण ही पायरी प्रकाशाच्या कमाईवर जगते. हरितलवकातल्या पटलांवर हरितद्रव्य प्रकाश शोषतं, पाण्याचे रेणू फुटून ऑक्सिजन बाहेर पडतो आणि ऊर्जा एटीपी व एनएडीपीएच या रेणूंत साठते. भोवतालच्या द्रवात रुबिस्को हे विकर हवेतला कार्बन डायऑक्साइड पाच कार्बनच्या शर्करेला जोडतं. त्यातून तीन कार्बनच्या आम्लाचे दोन रेणू मिळतात. एटीपी आणि एनएडीपीएच खर्च करून त्या आम्लाची तीन कार्बनची शर्करा होते. अशा दर सहा रेणूंपैकी पाच पुन्हा पाच कार्बनची शर्करा घडवण्यात जातात, एकच झाडाच्या पदरात पडतो.

आता दिवा मालवला तर? अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मेल्विन केल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवालाला किरणोत्सारी कार्बन देऊन हेच पाहिलं. अंधार होताच तीन कार्बनचं आम्ल साचू लागलं आणि पाच कार्बनची शर्करा घटली. साठलेली ऊर्जा संपेपर्यंत रुबिस्को काम करत राहिलं, पण आम्लाची शर्करा करायला ऊर्जा उरली नाही, आणि चक्र थांबलं. शिवाय या चक्रातली काही विकरं प्रकाशात सक्रिय होतात आणि अंधारात मंदावतात. त्यामुळे 'प्रकाशनिरपेक्ष अभिक्रिया' हा पर्यायही मला पटत नाही. 'केल्विन चक्र' किंवा 'कार्बनचं स्थिरीकरण' म्हणावं.

पानफुटी, निवडुंग, अननस यांच्याबद्दल मात्र गैरसमज सहज होतो. पाणी वाचवण्यासाठी यांची पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतात आणि आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे निरीक्षण वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी 1815 साली नोंदवलं होतं. पण रात्री होते ती फक्त साठवण. उजाडल्यावर रंध्रं मिटतात, आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केल्विन चक्र तेव्हा, उजेडातच, साखर तयार करू लागतं.