क्रम ओळीत लावा, ढिगात नाही

"मॅडम, फरक तर डोळ्यांना दिसतोय. प्रत्येक बागेत फवारणीच्या झाडाला जास्त माल लागलाय. तरी टेस्ट म्हणते फरकच नाही. गाईड सर म्हणतात, 'सॅम्पल कमी पडलं, अजून एक हंगाम घे.' खरंच घ्यावा लागेल का?"

नागपुरात कृषी आणि वनस्पतिशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांना आकडेवारीचा सल्ला देताना हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकू आलाय, की समोरच्याने वही उघडायच्या आधी मी विचारते, "क्रम कुठे लावलेस?" काटोलकडच्या या मुलीलाही तेच विचारलं. (आकडे थोडे बदलले आहेत.)

तिच्याकडे सहा संत्राबागा होत्या. प्रत्येक बागेतली एकाच वयाची तीन झाडं निवडून कोणत्या झाडाला काय द्यायचं ते तिने चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. 'अ'ला नेहमीची खतमात्रा, 'ब'ला त्यासोबत शेणखत, 'क'ला त्यासोबत झिंकची फवारणी. मांडणी चोख होती. माझ्या मते अभ्यासाचं निम्मं उत्तर मांडणीतच असतं, टेस्ट नंतरची गोष्ट.

"अठराही आकडे एकत्र करून १ ते १८ क्रम लावले जी," ती म्हणाली. म्हणजे क्रुस्काल-वॅलिस. उत्तर आलं ०.४२, पी ०.८१.

मी तिला दोनच ओळी वाचायला सांगितल्या. पाचव्या बागेत ३३, ३७, ३६ किलो. चौथीत ९५, ९९, १०४.

"चौथीतलं सगळ्यात कमी माल देणारं झाड कोणतं?"

"अ. पंच्याण्णव."

"आणि तुझ्या यादीत त्याचा क्रम?"

"सोळा." मग जरा थांबून, "आणि पाचवीतलं फवारणीचं झाड दुसऱ्या क्रमावर. मॅडम, पण पाचवी बाग तर मुरमाड आहे!"

मला हाच क्षण हवा होता. तिची यादी खतांची नव्हतीच, जमिनींची होती. खोल काळी माती वर, मुरूम खाली. बागाबागांमधल्या फरकाने खताचा फरक गिळून टाकला होता. शाळेत पाचवीच्या पोराचा नंबर दहावीच्या यादीत लावत नाहीत, तसंच हे. मी वहीत एक शब्दही लिहिला नाही, क्रम तिनेच नव्याने लावले. प्रत्येक बागेत फक्त १, २, ३. सगळ्यात कमी मालाला १. मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ साली सुचवलेली कसोटी ती हीच. अर्थशास्त्रातलं नोबेल त्यांना पुढे १९७६ मध्ये मिळालं.

चार बागांत अ-ब-क असा सरळ १-२-३ क्रम आला. तिसरीत अ आणि ब उलटले, पाचवीत ब आणि क. बेरजा: अ ७, ब १२, क १७. प्रत्येक ओळीची बेरीज ६ आणि सगळी मिळून ३६ यायलाच हवी; नाही आली तर क्रम चुकलेत. तीन बेरजांचे वर्ग मिळून ४८२. त्याला १२ भागिले (६ × ३ × ४) ने गुणायचं आणि ३ × ६ × ४, म्हणजे ७२, वजा करायचे. उत्तर ८.३३. R मध्ये हेच असं:

```
m <- matrix(c(42,45,51, 78,84,89, 60,58,66,
              95,99,104, 33,37,36, 70,75,81),
            ncol=3, byrow=TRUE)
friedman.test(m)
```

पी आला ०.०१५५. इथे `df = 2` दिसतंय ना, ते आधी बघा. ते ५ दिसलं तर टेबल आडवं झालंय: बागा स्तंभात गेल्या आणि तुम्ही खतांऐवजी बागांची तुलना करताय.

हंगाम वाचला म्हणून ती खूश झाली आणि लगेच म्हणाली, "मग लिहून टाकते, फवारणी दोन्हींपेक्षा सरस." इथे मी हात धरला. फ्रीडमन एवढंच सांगते की तिन्ही सारखे नाहीत. कोण कोणापेक्षा वेगळं, ते जोड्यांनी तपासावं लागतं. नेमेनीच्या पद्धतीने ५ टक्के पातळीवर इथे दोन बेरजांत साधारण ८.१ चा फरक लागतो. क आणि अ मध्ये १० आहे, चाललं. क-ब आणि ब-अ दोन्हींत ५, तेवढ्यावर दावा करता येत नाही.

दोन मर्यादाही मी तिला आवर्जून सांगितल्या. क्रम लावले की किलो विसरले जातात. पाचव्या बागेत ब फक्त एका किलोने पुढे आहे, तरी त्याला तितकंच वजन मिळालं जितकं दुसऱ्या बागेत क ला पाच किलोंच्या आघाडीसाठी. आणि एखाद्या बागेतलं एक झाड जरी वाळलं, तर या कसोटीत ती अख्खी बाग बाद. समान आकडे आले तर मात्र घाबरू नका, दोघांना सरासरी क्रम द्या. सॉफ्टवेअर दुरुस्ती स्वतःच करतं.

प्रबंधात तिने शेवटी लिहिलं: "झिंकच्या फवारणीने नेहमीच्या खतमात्रेपेक्षा माल वाढला; शेणखताच्या तुलनेत फरक सिद्ध झाला नाही." गाईड सरांनी त्यावर एकच दुरुस्ती सुचवली, 'माल'च्या जागी 'प्रति झाड उत्पादन' लिही.