प्रेस चढून आलं की कीपरने लांब कधी मारायचं?

प्रश्न: आमची अंडर-१७ टीम गोल किक छोट्या पासने सुरू करते. समोरचे चार जण बॉक्सच्या रेषेवर येऊन उभे राहतात आणि आम्ही तिथेच चेंडू घालवतो. पालक ओरडतात, "लांब मार!" कीपरने नक्की कधी लांब मारावं?

उत्तर: आधी तुमचे स्टॉपर कुठे उभे राहतात ते बघा. २०१९ पासून गोल किकचा चेंडू बॉक्सच्या आतच घेता येतो आणि किक लागेपर्यंत विरोधकांना बाहेर थांबावं लागतं. तरी बरेच स्टॉपर बॉक्सच्या कोपऱ्यात, रेषेला चिकटून उभे राहतात. तिथे विरोधी विंगर दोन पावलांवर असतो, म्हणजे नियमाचा फायदा हातचा गेला. स्टॉपरला छोट्या चौकोनाच्या रेषेच्या पातळीत, त्याच्या कोपऱ्याबाहेर उभं करा. समोरून येणाऱ्याला मग किमान ११ मीटर धावावं लागतं. तेवढ्या वेळात चेंडू थांबवून मान वर करता येते.

आता मोजणी. त्यांचा कीपर स्वतःच्या गोलजवळ असतो, त्यामुळे मैदानात तुमचा एक माणूस नेहमी जास्त असतो. तो कुठे मोकळा आहे, यावर सगळं ठरतं.

चौघांचं प्रेस घ्या: स्ट्रायकर, दोन विंगर आणि तुमच्या डिफेन्सिव्ह मिडला चिकटलेला एक. तुमच्याकडे मागे कीपर, दोन स्टॉपर, दोन साइडबॅक आणि हा मिड, म्हणजे सहा. दोघे मोकळे आहेत, लांब मारायची गरज नाही. कीपरने डाव्या स्टॉपरला दिलं की त्यांचा विंगर त्याच्यावर धावतो आणि धावतानाच साइडबॅककडे जाणारा पास अंगाने अडवतो. इथेच मुलं हट्टाने तोच पास मारतात आणि चेंडू जातो. मोकळ्या साइडबॅकपर्यंत जायचा रस्ता मिडमधून आहे: स्टॉपरने मिडला जोरात पास द्यायचा, मिडने न वळता पहिल्याच टचमध्ये साइडबॅककडे सोडायचा. मिडच्या पाठीवर माणूस असला तरी चालतं, कारण त्याला वळायचंच नाही. पास हळू आला किंवा मिडने दोन टच घेतले, की खेळ फसला.

लांब मारायची वेळ येते ती त्यांचे साइडबॅकही वर येऊन तुमच्या साइडबॅकना धरतात आणि दुसरा मिडही माणसाला माणूस लावतो तेव्हा. आता मागे मोकळा फक्त कीपर. पण मग त्यांच्या अर्ध्यात तुमच्या तीन फॉरवर्डसमोर जेमतेम तीनच जण असतात, मागे मदतीला कोणी नाही. अशा वेळी छोटे पास म्हणजे हट्ट. कीपरने किक मारण्याआधी त्यांच्या शेवटच्या ओळीतली डोकी मोजायची. आपल्या फॉरवर्डइतकीच असतील तर लांब, एक जास्त असेल तर छोटं.

गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, त्यामुळे तुमचा विंगर त्यांच्या डिफेन्सच्या मागे उभा राहू शकतो. स्टॉपरला छोटा पास देऊन चेंडू परत कीपरकडे आला आणि मग लांब मारला, तर ही सवलत संपते.

लांब किक बहुतेक वेळा फसते ती पुढच्या क्षणी. हेडरनंतर पडणारा चेंडू घ्यायला कोणी नसतं, कारण स्टॉपर अजून आपल्याच बॉक्समध्ये पसरलेले असतात. म्हणून खूण ठरवा, कीपरने हात वर केला की लांब. किक लागताच स्टॉपर वर पळतात आणि दोन मिड पडण्याच्या जागेभोवती येतात. निशाणा त्यांचा उंच स्टॉपर नको, बुटका साइडबॅक हवा. कीपरची किक हवेत किती मीटर जाते ते सरावात मोजून घ्या. ती सेंटर सर्कलच्या अलीकडेच पडत असेल, तर चेंडू त्यांच्या मिडला तोंडासमोर मिळतो. मग टचलाइनजवळच मारलेलं बरं.

दोन्ही गोष्टी एकाच मॅचमध्ये बघायच्या असतील तर मार्च २०२१ ची आयएसएल फायनल काढा, मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. स्वतःच्या बॉक्सजवळ मुंबईच्या जाहूहकडून चेंडू हिसकावला गेला आणि मोहन बागानच्या विल्यम्सने गोल केला. बरोबरी मात्र जाहूहच्याच लांब पासवर झाली, मोहन बागानच्या टिरीचं हेडर स्वतःच्याच गोलमध्ये गेलं.

एक अपवाद पावसाचा. जून-जुलैत आपल्या मातीच्या मैदानांवर बॉक्ससमोर पाणी साचतं आणि पास मध्येच थांबतो. तिथे मोजणी बाजूला ठेवा, वॉर्म-अपमध्ये स्टॉपरकडून मिडकडे चार पास मारून बघा. एकही अडकला तर त्या बाजूने छोटं खेळू नका. टर्फवर उलट होतं, ओला चेंडू घसरून वेगाने जातो, म्हणून पास पायातच द्या.

आणि बॅकपास घेताना कीपरने गोलच्या चौकटीबाहेर सरकून उभं राहायचं. पास चुकला तर कॉर्नर जाईल, गोल नाही.