फासे नऊ नकोत, तीनच घ्या

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. गोष्टी तोंडाने छान रंगवतो, पण मराठीची वही उघडली की दोन ओळींत संपवतो : ‘हे माकड आहे. ही विहीर आहे.’ मैत्रिणीच्या सांगण्यावरून चित्रांचे फासे आणले. तो ते आवडीने टाकतो, बोलतो, पण लिहीत नाही. पुढे परीक्षांत याचं कसं होणार? – एक आई, नाशिक

उत्तर : बाजारातल्या डब्यात बहुतेक वेळा नऊ फासे असतात. नऊ चित्रं एकदम समोर आली की मूल गोष्ट तोंडाने सांगून मोकळं होतं, कारण एवढं सगळं कागदावर उतरवायचं म्हणजे त्याला डोंगर वाटतो. शिवाय त्या फाशांवर बहुतेक वस्तूच असतात, क्रिया फारच थोड्या. वस्तूचं चित्र बघून मुलाला सुचणारं सगळ्यात सोपं वाक्य ‘हे अमुक आहे’ हेच. म्हणून तो डबा सध्या बाजूला ठेवा आणि घरी तीन फासे करा. पुठ्ठ्यावर चार सेंटिमीटरचे सहा चौकोन क्रॉसच्या आकारात जोडून आखले, कापले, घडी घालून चिकटवले की एक फासा होतो. पहिल्यावर सहा ‘कोण’ (माकड, आजी, चोर असे), दुसऱ्यावर सहा ‘कुठे’ (विहीर, झाड, बाजार), तिसऱ्यावर सहा वस्तू (छत्री, चेंडू, पुस्तक). चित्रं मुलालाच काढू द्या किंवा बालभारतीच्या जुन्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांतून कापा. क्रिया फाशावर घेऊ नका, त्यांची कार्डं करा. का ते पुढे येईलच.

मराठीत चित्रावरचा शब्द जसाच्या तसा वाक्यात बसत नाही. ‘माकड’चं ‘माकडाने’ होतं, ‘विहीर’चं ‘विहिरीत’ होतं आणि क्रियापद ‘टाकला, टाकली, टाकलं’ यांपैकी एक निवडावं लागतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाची गाडी अडते ती इथेच. बोलताना तो चुकूनमाकून वेळ मारून नेतो. लिहिताना मात्र चूक डोळ्यांसमोर राहते आणि तो ‘आहे’च्या आसऱ्याला जातो. म्हणून प्रत्येक ‘कोण’ आणि ‘कुठे’ चित्राचं एक कार्ड करा. पुढे चित्र आणि ‘माकड’, मागे नुसतं ‘माकडा-’. तसंच पुढे ‘विहीर’, मागे ‘विहिरी-’. ‘ने’, ‘ला’, ‘त’, ‘वर’, ‘खाली’ यांच्या छोट्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवा. चिठ्ठी लावायची असेल तर आधी कार्ड उलटायचं, एवढा एकच नियम. सामान्यरूप हा शब्द त्याला सांगायची गरज नाही.

क्रियांची कार्डं दोन रंगांत करा. लाल कार्डांवर ‘टाकणे, खाणे, लपवणे, उचलणे’. ही आली की भूतकाळात ‘कोण’ला ‘ने’ लागतं. निळ्यांवर ‘पडणे, पळणे, हसणे, बसणे’. यांत ‘ने’ नाही. गोष्ट भूतकाळात सांगितली जाते, त्यामुळे हा फरक जवळजवळ प्रत्येक वाक्यात लागतो.

आता एक डाव बघा. फासे पडले : माकड, विहीर, छत्री. मुलाने लाल गठ्ठ्यातून ‘टाकणे’ काढलं. तो म्हणेल, ‘माकड विहिरीत छत्री टाकला.’ लगेच दुरुस्त करू नका. कार्डं मांडायला सांगा. लाल कार्ड आलंय, म्हणजे माकडाचं कार्ड उलटून ‘ने’ लावायचं. विहिरीचं उलटून ‘त’. छत्री जशी आहे तशी. मग विचारा, ‘छत्री टाकला की टाकली?’ कानाला बरोबर काय लागतं ते बहुतेक मुलं सांगतात. ‘माकडाने विहिरीत छत्री टाकली.’ हे पहिलं वाक्य तुम्ही एका लांब कागदी पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आता एकच फासा पुन्हा टाकायचा, बाकीचे हलवायचे नाहीत. समजा, छत्रीऐवजी चेंडू आला. मुलाने तुमच्या पट्टीवर फक्त बदललेले शब्द छोट्या चिठ्ठीवर लिहून चिकटवायचे : ‘चेंडू टाकला’. पुढच्या फेरीत पुस्तक आलं, ‘पुस्तक टाकलं’. दोन शब्द लिहायला कुणी कुरकुर करत नाही आणि क्रियापद वस्तूच्या मागे कसं जातं ते त्याला हाताने करता करता कळतं. पाच-सहा फेऱ्यांनंतर शेवटची पट्टी मात्र पूर्ण त्याने लिहायची. तेवढंच त्या दिवसाचं लेखन. पंधरा मिनिटांच्या वर खेळू नका, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे.

मधूनमधून तुम्ही मुद्दाम चुकीची पट्टी मांडा : ‘आजीने झाडाखाली चेंडू लपवली.’ चूक पकडली की गुण त्याचा. आईची चूक काढायला मुलं जो उत्साह दाखवतात, तो शंभर दुरुस्त्यांनी येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र खेळात सोडून द्या. प्रत्येक वेलांटीला अडवलं तर तो पुन्हा दोन ओळींवर येईल. आणि तो ‘माकडानं’ लिहीत असेल तर लिहू द्या, तेही शुद्धच आहे.

एक वाक्य न अडता यायला लागलं की दुसऱ्या वाक्यासाठी जोडकार्डं आणा : ‘तेवढ्यात’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘शेवटी’. ‘मग’चं कार्ड गोष्टीत एकदाच वापरायचं, नाहीतर सगळी गोष्ट ‘मग... मग...’ करत जाते. यांत मला ‘तेवढ्यात’ फार उपयोगी वाटतं, कारण ते आलं की काहीतरी घडवावंच लागतं. ‘माकडाने विहिरीत छत्री टाकली. तेवढ्यात आजी आली.’ आता आजी काय करते, हे त्याला स्वतःहून लिहावंसं वाटेल. नऊ फाशांचा डबा तेव्हा परत काढा.

खेळ लागू पडतोय हे असं ओळखा : न विचारता वाक्यात ‘कुठे’ येऊ लागतं आणि ‘टाकला’ लिहून तो स्वतःच खोडून ‘टाकली’ करतो. अक्षर सुधारणं किंवा निबंध येणं हे या खेळाचं काम नाही, त्याची वाट बघू नका.

परीक्षांबद्दल विचारलंत. दहावीच्या मराठीत मुद्द्यांवरून कथा, बातमी, पत्र असं उपयोजित लेखन असतं आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. पण त्याला अवकाश आहे. चौथीतल्या मुलाच्या बाबतीत आज तपासायची गोष्ट वेगळीच आहे. तीन-चार महिने असं खेळूनही तो तोंडाने सहा-सात शब्दांचं वाक्य सहज सांगतो, पण तेच लिहायला त्याला फार वेळ लागतो, काना-मात्रा सतत गळतात, फळ्यावरून उतरवतानाही अक्षरं गळतात किंवा उलटसुलट होतात, हात लगेच दुखतो, असं दिसलं तर तो कंटाळा नसावा. इंग्रजीच्या वहीतही हेच होतंय का ते पाहा. दोन्हीकडे होत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने डोळे आणि कान तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करा. मुंबईत शीवच्या टिळक रुग्णालयात असं केंद्र आहे. नाशिकमध्ये कुठे सोय आहे ते शाळेच्या समुपदेशकांना आणि जिल्हा रुग्णालयात विचारा. चाचणीला जाताना त्याच्या या पट्ट्या, तारखा घालून, आणि दोन्ही विषयांच्या वह्या सोबत न्या.