पुण्याची ऑफर आणि चार माणसं

भाऊ, वाळूजची नोकरी सोडायच्या आधी चारच माणसं गाठ: एक बरोबरीचा, दोन दहा-पंधरा वर्षं पुढे गेलेले, आणि एक तुझ्या कामाशी काही संबंध नसलेला. सध्याच्या साहेबांना यात घेऊ नको. तू गेलास तर अडचण त्यांचीच.

पगार, घरभाडं, गावाकडं आईवडिलांची सोय एका कागदावर लिही आणि प्रत्येकाला वेगळं भेट. एकत्र बसवलं की मोठे बोलतात, बाकीचे माना डोलावतात. "जाऊ का?" नको, "यात कुठं फसेन?" असं विचार.

मी नोकरी बदलताना सगळं कंपनीतल्यांनाच विचारलं होतं. लातूरला आडत चालवणाऱ्या मामांनी मात्र एकच विचारलं, "हातात उरणार किती?" बारा हजारांची वाढ, अन् भाडंच तेरा!