पुरात माल भिजला, क्लेमचा ईमेल कसा लिहावा?

दुकानात पुराचं पाणी शिरलं. विमा कंपनीला ईमेलमध्ये नेमकं काय लिहू?

विषयाच्या ओळीत पॉलिसी नंबर, तारीख आणि ‘पुराने नुकसान’ लिहा. ‘सगळा माल खराब झाला’ असं मोघम नको. ‘पहाटे ४ च्या सुमारास पाणी शिरलं, तीन फूट चढलं, खालच्या दोन रॅकवरचे कापडाचे ६० गठ्ठे भिजले, खरेदीभावाने अंदाजे १,८०,००० रुपये’ असं लिहा. विक्रीचा भाव लावू नका, नफा सहसा धरत नाहीत. ‘अंदाजे’ मात्र राहू द्या. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो, स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं जोडा. बिलं सापडत नसली तरी मेल आजच पाठवा, ती मागाहून देता येतात. भिजलेला माल सर्व्हेअर बघेपर्यंत फेकू नका. कोरडा तेवढा वेगळा काढा.