नरसाळं तळाला का टेकवत नाहीत?

प्रश्न: प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन सुटतो हे दाखवणाऱ्या प्रयोगाच्या वर्कशीटवरील फोटोत चंचुपात्र, उलटं नरसाळं, हायड्रिला ही पाणवनस्पती आणि वर परीक्षानळी आहे. नरसाळ्याखाली ठोकळे का? पाण्यात खायचा सोडा कशाला? तोंडी परीक्षेत विचारतात.

उत्तर: ठोकळ्यांमुळे नरसाळ्याच्या काठाखालून पाणी आत-बाहेर फिरतं. काठ तळाला टेकला, तर आतल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वनस्पती वापरून टाकते आणि बुडबुडे मंदावतात. हाच वायू पुरवायला सोडा, तोही चिमूटभरच.

खरी चूक परीक्षानळीत होते. ती पाण्याने काठोकाठ भरून, अंगठ्याने तोंड दाबून पाण्याखाली उलटी करा. आत हवा राहिली, तर जमलेल्या ऑक्सिजनमध्ये ती मिसळते आणि विझत आलेली, टोकाशी लाल असलेली काडी नळीत नेली तरी नीट पेटत नाही. हायड्रिलाची कापलेली टोकं वर, नरसाळ्याच्या नळीकडे ठेवा. बुडबुडे तिथूनच सुटताना दिसतात.