कंपनीला नको असलेली जमीन डायरेक्टरने घेतली तर?

प्रश्न: आमचं तासगाव रोडला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, प्रायव्हेट लिमिटेड. मी आणि दोन चुलत भाऊ डायरेक्टर. शेजारची २० गुंठे जमीन ८० लाखांना विकायला निघालीय. कंपनीनं आता जमीन घ्यायची नाही असं मागच्या वर्षीच मीटिंगमध्ये ठरलंय, आणि पैसेही नाहीत. मी बायकोच्या नावावर घेतली तर काय बिघडलं?

उत्तर: निदान आत्ता तरी विसार देऊ नका. सांगलीत कंपन्यांची कामं बघताना हाच प्रश्न मला दर दोन-तीन वर्षांनी भेटतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा खरेदीखत झाल्यावर येतो. तुम्ही आधी विचारलंत हे बरं केलंत.

तुमच्यासारखीच गोष्ट इंग्लंडच्या भुल्लर खटल्यात आहे, निकाल २००३ चा. दोन भावांच्या कुटुंबांची कंपनी, एकमेकांशी पटेनासं झालेलं, आणि कंपनीनं यापुढे मालमत्ता घ्यायची नाही असं ठरलेलं. कंपनीच्या जागेलगतची मिळकत विक्रीला असल्याचं एका बाजूच्या डायरेक्टरांना कळलं. त्यांनी दुसऱ्या बाजूला न सांगता ती स्वतःच्या वेगळ्या कंपनीमार्फत घेतली. ही माहिती त्यांना डायरेक्टर म्हणून मिळालेली नव्हती, आणि कंपनी नवीन घेणार नाही असं ठरलेलंही होतं. तरीही कोर्टानं ती मिळकत त्यांनी दिलेल्याच किमतीत कंपनीला द्यायला लावली. लगतची जागा कंपनीला उपयोगी पडण्यासारखी होती, तेव्हा घ्यायची की सोडायची हे कंपनीनं ठरवायचं होतं आणि त्यासाठी तिला ते कळायला हवं होतं.

तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा हाच आहे. "जमीन घेणार नाही" हे मोघम ठरणं वेगळं, आणि "हा गट, ही किंमत, ही संधी आम्हाला नको" असं सगळं माहीत असताना ठरणं वेगळं. कोल्ड स्टोरेजला लगतचे २० गुंठे म्हणजे नवीन चेंबर, सीझनमध्ये गाड्या उभ्या करायला जागा. उद्या तुमचे चुलत भाऊ हेच म्हणतील. तुम्ही पुण्यात फ्लॅट घेतला असता तर कुणी विचारलंही नसतं.

पैसे नसल्याचं कारणही तोकडं पडतं. १९४२ च्या रीगल खटल्यात उपकंपनीचं भांडवल ५,००० पौंड हवं होतं आणि मूळ कंपनी २,००० पेक्षा जास्त घालू शकत नव्हती. डायरेक्टरांनी उरलेले शेअर स्वतः आणि ओळखीच्यांकडून घेतले. त्यांच्या प्रामाणिकपणावर कुणाला शंका नव्हती, तरी ज्या डायरेक्टरांनी स्वतःसाठी शेअर घेतले त्यांना त्यावरचा नफा कंपनीला द्यावा लागला. भागधारकांची संमती घेतली असती तर सुटले असते.

आपल्याकडे हे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये आहे. कंपनीच्या हिताशी टक्कर होईल, नुसती होऊ शकेल, अशा परिस्थितीतही डायरेक्टरने पडायचं नाही. अनुचित लाभ स्वतःसाठी घ्यायचा नाही तसा नातेवाइकांसाठीही नाही, म्हणून बायकोच्या नावानं काही साधत नाही. दोषी ठरलात तर लाभाइतकी रक्कम कंपनीला भरावी लागते. ८० लाखांची जमीन १ कोटी १० लाखांना गेली, तर प्रश्न ३० लाखांचा. दंड १ ते ५ लाख, तो वेगळा.

मग करायचं काय? दोन्ही भावांना लेखी कळवा: गट नंबर, मागितलेली किंमत, मालकाची मुदत, आणि "कंपनीला नको असेल तर मला घ्यायचीय" हेही. यातलं काही झाकलं तर पुढचा ठराव कुचकामी. सात दिवसांची नोटीस देऊन बोर्ड मीटिंग घ्या. त्या विषयावर तुम्ही मत देऊ नका. कंपनी ही जमीन घेणार नाही आणि तुम्ही घ्यायला हरकत नाही, अशी दोन्ही वाक्यं कारणासकट ठरावात येऊ द्या. मी तर यावर सर्वसाधारण सभेचीही संमती घ्यायला सांगतो. मात्र तिथे तुमच्याच घरचे ६० टक्के शेअर असतील, तर नुसत्या त्या मतांवर विसंबू नका. १९१६ च्या कुक विरुद्ध डीक्स खटल्यात तीन डायरेक्टरांनी कंपनीकडे येणारं रेल्वेचं काम स्वतःच्या नावावर घेतलं आणि आपल्याच बहुमतानं ठराव करून पक्कं केलं. तो ठराव टिकला नाही. आपल्याकडे १० टक्के शेअर असलेला भाऊसुद्धा कंपनी न्यायाधिकरणात जाऊ शकतो.

भाऊ "नको, आणि तूही घेऊ नकोस" म्हणाले तर जमीन सोडा. राजीनामा देऊन घेतो म्हणाल, तर १९७२ चा कूली खटला आठवा. तब्येतीचं निमित्त सांगून कूली या डायरेक्टरनं कंपनी सोडली आणि गॅस बोर्डाचं काम स्वतः घेतलं. ते काम कंपनीला मिळण्याची शक्यता जेमतेम १० टक्के होती. तरी सगळा नफा कंपनीला गेला.